स्वजनांचा विरोध आणि नवा उपदेशी : रुक्मिणीदेवींच्या आख्यानाच्या आधारे

उपदेश घेऊन घरी परतलेल्या साधकाची पहिली परीक्षा वादसभेत होत नाही, ती स्वयंपाकघरात होते. कळमेश्वरच्या परिसरात हे विशेष जाणवते. एका बाजूस आदाशाचा गणपती, दुसऱ्या बाजूस धापेवाड्याचा विठ्ठल. भाद्रपदात घरोघरी महालक्ष्म्या बसतात, पोळ्याला बैलांची पूजा होते. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हे सर्व चालत आले, त्या घरातील थोरला मुलगा किंवा सून एके दिवशी सांगते की, यापुढे पंचकृष्णांवाचून अन्य देवतेची भक्ती आपल्याकडून व्हावयाची नाही. घरच्यांना त्यातील तत्त्वज्ञान ऐकू येत नाही. आपल्या हातचे अन्न आता या मुलाला चालत नाही, एवढेच आईला ऐकू येते. तिचा राग हा बहुधा दुःखाचाच दुसरा चेहरा असतो.

अशा वेळी साधकाने काय करावे, याचा विचार करताना रुक्मिणीदेवींचे आख्यान पुन्हा एकदा सावकाश वाचण्याजोगे आहे. रुक्मिणीदेवी या विदर्भाच्याच कन्या. वर्धा नदीच्या काठचे कौंडिण्यपूर हे त्यांचे माहेर. श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहलीलेच्या प्रसंगी रिद्धपुरी महदाइसांनी जे धवळे गायिले, त्यांचा विषय हाच. नरेंद्रकवींनी शके १२१४ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९२ मध्ये, रचलेल्या ग्रंथाचा विषयही हाच. पंथाच्या वाङ्मयात हे आख्यान इतके प्रिय का, याची उत्तरे अनेक आहेत. त्यांतले एक असे की, श्रीकृष्णांना मनाने वरलेली आणि त्यासाठी स्वजनांचा विरोध सोसलेली स्त्री या आख्यानाच्या मध्यभागी आहे. सामान्यतः आपण हरणापर्यंतच ही कथा ऐकतो. भागवताच्या दशम स्कंधात ती पुढे बरीच लांब जाते आणि नव्या उपदेशीच्या कामाचा भाग मुख्यतः तिथेच आहे.

प्रथम विरोध कोणाचा होता ते पाहावे. भीष्मक राजाला पाच पुत्र व एक कन्या. रुक्मिणी श्रीकृष्णांस द्यावी असे घरातील बहुतेकांच्या मनात होते. आडवा आला तो एकटा थोरला भाऊ रुक्मी. त्याने शिशुपालाशी संबंध ठरविला आणि पुत्रस्नेहाने बांधलेला भीष्मक त्याच्या मागे गेला. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्यास 'सारे घर विरोधात' असे दिसत होते, परंतु आत विरोधाचा आवाज एकच होता. बाकीचे गप्प होते एवढेच. नवे उपदेशी येथे नेहमी चुकतात. काका रागावले, त्यांच्यामागे वडील बोलले, आई रडली, की साधक म्हणू लागतो, 'घर माझ्या विरोधात आहे.' तसे म्हटले की तो सर्वांशी एकाच कठोरतेने वागू लागतो आणि जे मनातून त्याच्या बाजूचे होते तेही हळूहळू खरोखरच विरोधात जातात. पहिले काम हे की, कोण रागावला आहे, कोण केवळ घाबरला आहे आणि कोण नुसता गप्प बसला आहे, हे निरनिराळे ओळखावे.

यानंतर रुक्मिणीदेवींनी एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेस निरोप पाठविला. त्या निरोपातील एक गोष्ट सहसा कोणी थांबून पाहत नाही. राजकन्या अंतःपुरात राहते. तेथून तिला न्यावयाचे म्हणजे आडव्या येणाऱ्या भाऊबंदांचा वध करावा लागेल, ही अडचण त्या स्वतःच काढतात आणि स्वतःच उपाय सुचवितात. विवाहाच्या आदल्या दिवशी कुळाच्या रीतीप्रमाणे वधू गावाबाहेर गिरिजेच्या दर्शनास जाते, तेथून आपणास न्यावे, असे त्या कळवितात. कौंडिण्यपुरातील अंबिकेचे देऊळ हे तेच स्थान, असे आजही लोक सांगतात. निर्णय पूर्ण झालेला आहे, त्यात तिळमात्र बदल नाही. परंतु तो निर्णय अंमलात आणताना माहेरच्या माणसांना कमीत कमी इजा व्हावी, अशी जागा आणि अशी वेळ त्यांनी शोधून काढली. निष्ठेत तडजोड होत नाही. जागा आणि वेळ मात्र निवडता येते. महालक्ष्मीच्या जेवणाच्या दिवशी, पाहुण्यांनी भरलेल्या ओसरीवर, 'मला हे चालत नाही' असे जाहीर करणारा साधक खोटे बोलत नाही, हे खरे. पण त्याने जागा चुकीची निवडलेली असते. तीच गोष्ट पंधरा दिवस आधी, संध्याकाळी, आईजवळ एकट्याने बसून सांगता आली असती.

येथे एक प्रश्न हटकून विचारला जातो, आणि तो विचारणारे बहुधा घरातील वडीलधारेच असतात. 'तुमच्या रुक्मिणीने गिरिजेची पूजा केली, मग तुम्हाला अडचण कसली?' याचे उत्तर चतुराईने देऊ नये. प्रश्न सरळ आहे. उत्तरही सरळ आहे. तेव्हा त्या कुमारी होत्या, माहेरच्या अधीन होत्या, कुळाची रीत म्हणून वडील स्त्रियांबरोबर गेल्या. आणि तेथे उभ्या राहूनही त्यांनी मागितले ते श्रीकृष्णच. पुराणातील प्रत्येक प्रसंग हा साधकासाठी आचारविधी नसतो. आचार सूत्रपाठावरून आणि आचार्यमुखातून समजून घ्यावयाचा असतो; आख्यानावरून मन कसे असावे हे समजते. एवढे सांगून थांबावे. समोरच्या वृद्धाचे समाधान न झाले तरी त्याला आपण हरविले नाही, याचा त्याला पुढे उपयोग होतो.

आता आख्यानाचा मर्मभाग. हरण झाले. रुक्मीने प्रतिज्ञा केली की, श्रीकृष्णांस मारून बहिणीस परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल टाकणार नाही. तो पाठलाग करीत आला, युद्धात हरला आणि श्रीकृष्णांनी त्याच्यावर खड्ग उगारले. त्या क्षणी रुक्मिणीदेवी पाया पडल्या आणि त्यांनी भावाच्या प्राणांची याचना केली. ज्या भावाने आपल्याला नको त्या ठिकाणी देऊ केले, जो आपल्या आराध्याच्या वधास निघाला, त्याच्यासाठी त्यांचा कंठ दाटून आला. यात दुबळेपणा कोणी पाहू नये. त्या परत फिरल्या नाहीत, रथातून उतरल्या नाहीत, 'भावाचे ऐकते' असे म्हणाल्या नाहीत. पावले द्वारकेकडेच होती. फक्त मागे उभा असलेला माणूस जिवंत राहावा, एवढेच त्यांना हवे होते.

श्रीकृष्णांनी रुक्मीस मारले नाही. त्याच्याच वस्त्राने त्याला बांधून त्याच्या दाढीमिशा व केस ठिकठिकाणी भादरून त्याला विद्रूप केले. बलराम तेथे पोचले तेव्हा त्यांनी प्रथम रुक्मीची बंधने सोडली आणि श्रीकृष्णांसच बोल लावला, की स्वजनाचे असे विद्रूपीकरण म्हणजे त्याचा वधच होय. नंतर ते रुक्मिणीदेवींचे सांत्वन करू लागले. भागवतकारांनी हा प्रसंग गाळला नाही, हे विशेष. लीळेचा हेतू जाणण्याचा आपला अधिकार नाही. परंतु बलरामांच्या मुखातून निघालेला तो विचार साधकाने आपल्यापुरता घ्यावा. घरातील वडिलांच्या श्रद्धेची चारचौघांत टवाळी करणे, त्यांच्या देव्हाऱ्याला 'दगडधोंडे' म्हणणे, त्यांच्या उपासतापासांवर हसणे, हे माणसाला विद्रूप करून सोडून देणेच आहे. तो जिवंत राहतो, पण घरी परतू शकत नाही. रुक्मी खरोखरच परतला नाही. प्रतिज्ञा भंगली म्हणून त्याने भोजकट नावाचे नगर वसविले आणि तेथेच राहिला.

कथा येथेही संपत नाही. रुक्मिणीदेवींचा पुत्र प्रद्युम्न याने रुक्मीच्या कन्येस, रुक्मवतीस, वरले. मनात वैर असूनही बहिणीला बरे वाटावे म्हणून रुक्मीने ते मान्य केले. पुढे आपली नात रोचना त्याने बहिणीच्या नातवास, अनिरुद्धास दिली. हा संबंध योग्य नाही हे जाणूनही स्नेहाच्या बंधनाने दिली, असे भागवतकार सांगतात. एक पिढी गेली, दुसरी गेली, तिसरी आली, तेव्हा मामाच्या दारी मंडप पडला. नव्या उपदेशीला सहा महिन्यांत घर शांत व्हावे असे वाटते; त्याने हा काळ मोजून पाहावा. आणि या सर्व काळात रुक्मिणीदेवींनी भावाकडे जाऊन आपल्या निर्णयाचे समर्थन केले असे कोठे आढळत नाही. समर्थन नातवंडांनी केले.

परंतु त्याच मंडपात जे झाले तेही सांगितले पाहिजे. अनिरुद्धाच्या विवाहाच्या वेळी इतर राजांच्या चिथावणीने रुक्मीने बलरामांस द्यूतास बसविले. बलराम प्रारंभीचे डाव हरले, पुढचे जिंकले, तेव्हा रुक्मी खोटे बोलून जय आपलाच म्हणू लागला. आकाशवाणी झाली तरी त्याने मानले नाही, उलट 'गुराखी, रानात फिरणारे' म्हणून उपहास केला. संतापलेल्या बलरामांनी लोहदंडाने त्याचा वध केला. श्रीकृष्णांनी त्यावर बरेवाईट काहीच म्हटले नाही. एका बाजूस रुक्मिणी, दुसऱ्या बाजूस बलराम, कोणाचाही स्नेह तुटू नये म्हणून ते मौन राहिले. ज्यांनी पूर्वी विद्रूपीकरणाबद्दल बोल लावला होता, त्याच बलरामांच्या हातून हे घडले, हा या कथेतील सर्वांत कडू घोट आहे.

त्यातून साधकाने दोन गोष्टी उचलाव्यात. पहिली अशी की, समेटाच्या मंडपात पैज लावू नये. लग्नकार्यात, बारशात, सुतकाच्या बैठकीत कोणी तरी मुद्दाम विषय काढतो, 'काय हो, तुमच्या पंथात म्हणे असे असते?' आजूबाजूचे चिथावतात. तो डाव खेळावयास बसले की हरले तरी अपमान आणि जिंकले तरी वैर. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. पुष्कळदा साधक स्वतः शांत असतो, पण त्याचे गुरुबंधू त्याच्या घरी येऊन त्याच्या वडिलांशी वाद घालतात, त्यांना निरुत्तर करतात आणि समाधानाने निघून जातात. त्यांना संध्याकाळी आपापल्या घरी जावयाचे असते. साधकाला त्याच घरात राहावयाचे असते. घरच्यांना जिंकण्यासाठी बाहेरचा वक्ता आणू नये. आलाच, तर त्याला भाकरी घालून प्रेमाने वाटेस लावावे.

देवतेविषयी बोलताना संयम का ठेवावा, याचे कारण केवळ सौजन्य नव्हे. पंथाच्या तत्त्वविचारात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादि मानले आहेत. देवता म्हणजे कल्पना किंवा थोतांड असे आपले शास्त्र म्हणत नाही. देवता आहे, तिची फळे आहेत; ती मोक्ष देऊ शकत नाही, तो परमेश्वरच देतो, एवढाच भेद आहे. त्यामुळे आईच्या कुलदेवतेला 'खोटी' म्हणणारा नवा साधक आईला दुखवितो आणि त्याच वाक्यात शास्त्राविरुद्धही बोलतो. त्याने म्हणावयाचे ते इतकेच, की आईला जे हवे ते तिथे मिळत असेल. त्याला जे हवे आहे ते मागावयाचे स्थान एकच आहे. हे वाक्य ऐकून घेता येते. धापेवाड्याची वारी करणाऱ्या आजोबांशी विठ्ठल आणि श्रीकृष्ण एक की भिन्न, हा वाद तर कधीच काढू नये. त्या वादात ग्रंथ खूप आहेत, आणि आजोबांचे वय ऐंशी आहे.

विरोधाचे कारण ऐकून घेण्याचा दुसरा पाठ लीळाचरित्राच्या आरंभीच मिळतो. गुजरातेतील प्रधान विशाळदेव यांचे पुत्र हरपाळदेव यांनी रामटेकच्या यात्रेस जाण्याची इच्छा प्रकट केली. पित्याने नकार दिला. नकाराचे कारण धर्म हे नव्हते. वाट यादवांच्या राज्यातून जात होती, गुजरातच्या राजाशी त्यांचे वैर होते आणि प्रधानाचा पुत्र शत्रूच्या हाती पडेल हे भय होते. हरपाळदेवांनी आग्रह सोडला नाही, पण पित्याचे भयही खोटे ठरविले नाही. शेवटी पित्याने बरोबर माणसे देऊन अनुज्ञा दिली. पुढे वाटेत त्यांनी ती माणसे परत पाठविली आणि रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध ते आले. तेच आपले सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी. ज्या रामटेकचे नाव घेऊन ती यात्रा निघाली, तो रामटेक या नागपूर जिल्ह्यातीलच.

या लीळेचा आधार घेऊन काही तरुण घरी न सांगता निघून जाण्याचे समर्थन करतात. ते ग्राह्य नाही. स्वामी अवतार, त्यांच्या लीळा स्मरावयाच्या, त्यांची वचने आचरावयाची. जीवाला ऋणे असतात, अवताराला नसतात. साधकाने या लीळेतून घ्यावयाचे ते एवढेच की, पित्याच्या नकारामागे एक नेमके भय होते आणि ते भय शांत झाले तेव्हा अनुज्ञा मिळाली. कळमेश्वरच्या घरातील भय यादवांचे नसते. ते तीन-चार प्रकारचेच असते. मुलगा संन्यास घेऊन निघून जाईल, ही आईची धास्ती. शेताचा पैसा मठात जाईल, ही भावाची. मुलीचे लग्न आता कोठे जुळेल, ही बायकोची. आणि 'मी मेल्यावर हा माझे करणार नाही', ही वडिलांची. यांतले शेवटचे भय सर्वांत खोल असते, आणि ते वडील कधी तोंडाने बोलत नाहीत.

एक घर डोळ्यापुढे आणावे. कळमेश्वरपासून कोसा-दोन कोसांवरचे गाव, पाच एकर संत्र्याची बाग, वृद्ध आई-वडील, दोन भाऊ, दोघांच्या बायका. थोरल्याने आणि त्याच्या पत्नीने उपदेश घेतला आहे. उपदेश श्रावणात झाला, म्हणजे पाठोपाठ पोळा आणि महालक्ष्म्या. आता एकेक गोष्ट पाहावी.

पोळ्याच्या दिवशी बैलांची पूजा घरातील कर्त्याने करावयाची, म्हणजे थोरल्याने. तो म्हणाला 'मी करणार नाही' आणि शेतावर निघून गेला, तर वडिलांना वाटेल की पोराने बैलांनाही टाकले. त्याऐवजी त्याने पहाटे उठून बैल नदीवर न्यावेत, अंग चोळून धुवावेत, शिंगे रंगवावीत, झूल घालावी, मळलेल्या खांद्यांना लोणी-हळद लावावी. हे सारे पूजा नव्हे, सेवा आहे, आणि वर्षभर राबलेल्या जनावराच्या सेवेला कोणताही साधक ना म्हणणार नाही. ओवाळण्याचे तबक तेवढे धाकट्याच्या हाती द्यावे. मात्र हे आदल्या दिवशी धाकट्याशी ठरवून ठेवावे. ऐनवेळी तबक पुढे सारले की तो अपमान होतो.

महालक्ष्मीचा प्रश्न सुनेचा आहे आणि तो अधिक कठीण आहे. नैवेद्य दाखविलेले अन्न तिला घ्यावयाचे नाही. पुष्कळ नव्या उपदेशी स्त्रिया असे करतात की, नैवेद्य दाखविण्यापूर्वी आपल्यापुरते भाताचे ताट शिजल्या भांड्यातून काढून घेतात. त्यांना वाटते, यात कोणाचे काही गेले नाही. सासूच्या दृष्टीने मात्र देवीच्या आधी अन्न काढले गेले, सारा नैवेद्य उष्टा झाला. तिच्या आकांताला कारण आहे. त्यापेक्षा सकाळी, चूल पेटण्यापूर्वी, डब्यातून मूठभर डाळ आणि वाटीभर ज्वारीचे पीठ सासूला विचारून वेगळे काढावे व वेगळ्या भांड्यात शिजवावे. मग आंबील ढवळावी, पुरण वाटावे, भाज्या चिराव्यात, पाहुण्यांना वाढावे, आणि शेवटच्या पंगतीत सासूच्या शेजारी बसून आपली भाकरी खावी. वेगळ्या खोलीत बसून खाऊ नये. अन्न वेगळे असले तरी पंगत एक असावी. सासूला दुखते ते अन्नापेक्षा पाट वेगळा पडल्यामुळे.

आदाशाच्या यात्रेला आईला जावयाचे असते आणि तिला बसमध्ये चढताना हात द्यावा लागतो. मुलाने तिच्याबरोबर जावे. पिशवी धरावी, टेकडी चढताना थांबत थांबत न्यावे आणि स्वतः पायरीपाशी बसून नामस्मरण करावे. ती दर्शन घेऊन आली म्हणजे पाणी द्यावे. तिने प्रसाद पुढे केला तर 'आई, तू घे' एवढे म्हणावे. नाकारण्याचे कारण त्या वेळी सांगत बसू नये, ते तिला ठाऊक असते.

पैशाचा प्रश्न सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित. बाग सामाईक असेल तर आंबिया किंवा मृग बहाराचा पैसा आल्यावर थोरल्याने दानधर्म आपल्या वाट्यातूनच करावा आणि तो किती केला हे भावाला आकड्याने सांगावे. लपविलेले शंभर रुपये सांगितलेल्या हजारांपेक्षा अधिक संशय उत्पन्न करतात. पंथाला मिळालेले दान भावाच्या कपाळावरील आठीसह यावे, असे कोणत्याही आचार्याला वाटणार नाही.

आता वडिलांचे ते न बोललेले भय. महानुभावांत मृतदेह भूमीत ठेवण्याची रीत आहे, पिंडदान व श्राद्ध नाही. म्हणून वडिलांना वाटते की थोरला आपल्याला अग्नी देणार नाही, आपण अडकून राहू. हा विषय मृत्यूनंतर काढू नये, कारण त्या वेळी गावाचे चार म्हातारे आणि रडणारी आई यांच्यासमोर कोणताही निर्णय जखमच करतो. वडील जिवंत असताना, धाकट्याला जवळ बसवून, थोरल्यानेच बोलावे. वडिलांची श्रद्धा जी आहे तिच्याप्रमाणे त्यांचे सर्व व्हावे. मंत्राग्नी व पिंड धाकट्याने द्यावेत. खर्च दोघांनी सारखा करावा. खांदा पहिला थोरल्याचा. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे अखेरच्या आजारात रात्री उशाशी बसण्याचे काम थोरल्याचे. त्याच बैठकीत त्याने हेही सांगून ठेवावे की, त्याचा स्वतःचा देह मात्र पंथाच्या रीतीने भूमीत ठेवावा. शक्य तर कागदावर लिहून सही करून ठेवावे, म्हणजे पुढे त्याच्या मुलांवर वाद येणार नाही. काही आचारनिष्ठांना अग्निसंस्काराच्या ठिकाणी नुसते उभे राहणेही खटकेल. त्यांनी आपल्या आचार्यांस विचारावे. परंतु ज्याने पित्याला जन्मभर खांद्यावर खेळविलेले पाहिले, त्याने पित्याला खांदा नाकारावा, असे उत्तर मिळण्याचा संभव फार कमी.

संन्यासाविषयी एक शब्द. ज्याच्या घरी सांभाळावयाचे म्हातारे आहेत किंवा लहान मुले आहेत, त्याने अनुसरणाची घाई करू नये. पंथाने त्याच्यासाठी वासनिकाचे स्थान ठेवले आहे, आणि ते खालचे स्थान म्हणून ठेवलेले नाही. स्थान, प्रसाद आणि भिक्षू यांच्याबरोबर वासनिकही आदरास पात्र मानला आहे. घरात राहून, इच्छा जागी ठेवून, जबाबदारी पुरी करणारा तो वासनिक. आईने 'हा जाणार' म्हणून धसका घेतला असेल तर साधकाने तिला स्पष्ट सांगावे की ती असेपर्यंत तो कोठेही जाणार नाही. हे वचन दिले की ते पाळावे. दोन वर्षांनी मोडावयाचे असेल तर देऊच नये.

आणि सहनशीलतेलाही मर्यादा आहे. काही घरांत विरोध शब्दांवर थांबत नाही. उपदेश घेतला म्हणून सुनेला मारहाण होते, उपाशी ठेवले जाते, मुले हिरावून घेतली जातात. हे सोसणे म्हणजे स्वजनांचा मान राखणे नव्हे, त्यांना पापात ढकलणे आहे. अशा स्त्रीने माहेरच्या विश्वासातील माणसाला, गावातील शहाण्या वडीलधाऱ्यांना आणि गरज पडल्यास पोलिसांना सांगावे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ सालचा कायदा तिच्यासाठीच आहे. रुक्मिणीदेवींनी भावासाठी प्राणांची याचना केली ती रथात बसल्यानंतर, हे येथे विसरू नये. भावाच्या हाती सापडलेल्या असताना त्यांनी द्वारकेस निरोप पाठविला होता.

राहता राहिला तो काळ. वर उल्लेखिलेल्या घरात पहिल्या वर्षी सासू बोलणार नाही. दुसऱ्या वर्षी शेजारणींपाशी बोलेल. पीठ वेगळे काढताना सुनेने दरवर्षी विचारले पाहिजे. 'आता सवय झाली' म्हणून न विचारता डबा उघडू नये. कदाचित चौथ्या किंवा सातव्या वर्षी असे होईल की महालक्ष्मीच्या सकाळी सून स्वयंपाकघरात येईल तेव्हा ओट्याच्या कोपऱ्यात एका वाटीत डाळ आणि एका वाटीत पीठ काढून, वर ताटली झाकून ठेवलेले असेल. सासू तिकडे पाहणार नाही. ती पुरणाच्या हरभऱ्याची डाळ निवडीत बसलेली असेल.